चष्मा मावत नाही: १२ सेंटिमीटरची डबी फोटोत १९ची कशी झाली

माझी एक मैत्रीण लाकडी डब्या बनवते. झाकणाला मागे बिजागरी, पुढे छोटी पितळी कडी, आत मखमल. तिची सर्वांत खपणारी डबी बाहेरून १२ × ८ × ५ सेंटिमीटरची आहे आणि ती ऑनलाइन विकताना हे माप तिने पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. तरी एका महिन्यात तिच्या चार डब्या परत आल्या. कारण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत दिलं होतं, पण त्यातल्या दोघांचं वाक्य जवळजवळ एकच होतं: ‘चष्मा मावत नाही.’

मैत्रीण वैतागली होती. ‘अगं, चष्म्याची डबी आहे असं मी कुठे म्हटलंय? मापं तर स्वच्छ लिहिलीत. वाचायला नको का कुणी?’

तिने म्हटलं नव्हतं हे खरं, पण तिच्या फोटोने म्हटलं होतं.

मुख्य फोटो मी मोठा करून पाहिला. टेबलावर डबी, झाकण बंद, पुढची बाजू आपल्याकडे. मागे उजव्या हाताला एक जाड पुस्तक आणि पुस्तकावर तिचाच चष्मा, घड्या न घालता, काचा आपल्याकडे करून ठेवलेला. फोटो देखणा होता. ‘आकाराचा अंदाज यावा म्हणून चष्मा ठेवला,’ ती म्हणाली. विचार बरोबर होता. चष्म्याचा आकार लोकांच्या हाताला पाठ असतो, मोठ्या माणसांच्या चष्म्याची रुंदी साधारण १३ ते १४.५ सेंटिमीटरच्या आसपासच असते. तिचा १४ सेंटिमीटर भरला. म्हणजे फोटोत चष्मा डबीपेक्षा २ सेंटिमीटर रुंद दिसायला हवा होता. प्रत्यक्षात डबीच चष्म्यापेक्षा चांगली ऐसपैस दिसत होती.

मी स्क्रीनवरच मोजलं. फोटो कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडला, की क्रॉपची चौकट दोन कडांना लावून किती पिक्सेल ते कळतं. चष्मा ७०० पिक्सेल रुंद होता, डबीची पुढची बाजू ९६०. चष्मा १४ सेंटिमीटरचा धरला तर एका सेंटिमीटरला ५० पिक्सेल पडतात, आणि ९६० भागिले ५० म्हणजे १९.२. मजकूर १२ सेंटिमीटर सांगत होता आणि फोटो १९.२. गिऱ्हाइकाने दोन्हींतलं जे डोळ्यांनी दिसतं ते मानलं, एवढंच.

हे सात सेंटिमीटर आले कुठून, ते शोधायला आम्ही तीच मांडणी पुन्हा केली. तिचा फोन डबीच्या पुढच्या बाजूपासून २५ सेंटिमीटरवर यायचा, कारण डबी चौकटीत मोठी दिसावी म्हणून ती जवळ जायची. डबी ८ सेंटिमीटर खोल, तिच्यामागे ७ सेंटिमीटर सोडून चष्मा. म्हणजे चष्मा लेन्सपासून ४० सेंटिमीटरवर. वस्तू जितकी दूर तितकी ती त्याच प्रमाणात लहान दिसते, त्यामुळे चष्मा डबीच्या तुलनेत २५/४० पट झाला, म्हणजे ०.६२५. चौदाचा पावणेनऊ. डबी बाराची बाराच राहिली. पावणेनऊच्या चष्म्याशेजारी बाराची डबी पाहिल्यावर तो आत आरामात मावेल असं कुणालाही वाटेल. खरं तर त्या डबीत तो तिरका घातला तरी जात नाही. आतली जागा १०.८ × ६.८ आहे, तिचा कर्णही १२.८ सेंटिमीटरच्या वर नाही.

इथे एक गैरसमज मैत्रिणीलाही होता आणि बऱ्याच जणांना असतो, की हा लेन्सचा दोष आहे, फोनची लेन्स ‘वाइड’ असते म्हणून असं होतं. मागच्या-पुढच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण फक्त एका गोष्टीवर ठरतं: कॅमेरा कुठे उभा आहे. वाइड लेन्सचा वाटा एवढाच, की ती आपल्याला जवळ जायला लावते. त्याच जागेवरून झूम करून काढलात तर चौकट बदलेल, चष्म्याचं आणि डबीचं प्रमाण तेच राहील.

मग मागे सरकायचं. लेन्सपासून डबी १ मीटरवर ठेवली आणि झूम तिप्पट केला, तर डबीची मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे ७ टक्के लहान दिसते. २५ सेंटिमीटरवरून हाच फरक २४ टक्के होता, म्हणूनच जुन्या फोटोत डबी मागे निमुळती होत जाणाऱ्या पेटाऱ्यासारखी दिसत होती. मैत्रिणीला वाटलं, प्रश्न सुटला. पण चष्मा अजून मागे पुस्तकावरच होता. १०० सेंटिमीटर आणि ११५ सेंटिमीटर, म्हणजे चष्मा ०.८७ पट, चौदाचा १२.२. आता तो डबीएवढाच दिसत होता. आधीच्या खोटेपणापेक्षा हा कमी खोटा, पण जास्त घातक. कारण आता पाहणाऱ्याला वाटणार, ‘बरोब्बर चष्म्याच्या मापाची डबी आहे.’

म्हणून लांब जाणं पुरत नाही. मोजायला दिलेली वस्तू आणि मोजायची कड, दोन्ही लेन्सपासून सारख्या अंतरावर हव्यात. चष्मा पुस्तकावरून उतरवून डबीच्या पुढच्या बाजूच्या रेषेत, शेजारी ठेवला, आणि पहिल्यांदाच तो डबीपेक्षा मोठा दिसला. मैत्रीण काही क्षण गप्प होती. ‘अशी बरीच लहान दिसते गं डबी.’ दिसते, कारण आहे.

मोजायला काय ठेवायचं

चष्मा आम्ही एका फोटोत ठेवला, कारण लोकांचा नेमका प्रश्न तोच होता. पण मापाचा मुख्य आधार म्हणून तो चालत नाही. लहान मुलांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा, आणि काचा वक्र असल्यामुळे तो थोडा वळलाय की सरळ आहे ते फोटोत कळत नाही.

टेबलावर आम्ही घरातल्या बऱ्याच गोष्टी ओळीने मांडल्या. नाणं पहिलं बाद झालं: प्रत्येक देशाचं वेगळं, आणि त्याच देशातही एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघतात. पेन्सिल जाडीला बऱ्यापैकी सारखी असते, पण लांबी रोज कमी होते. पत्ते ओळखीचे, तरी पोकर आणि ब्रिज अशी दोन मापं चालतात, ६३ मिलिमीटर रुंदीचं आणि ५७ मिलिमीटरचं. एए सेल चांगला उमेदवार होता, व्यास १४.५ आणि लांबी जास्तीत जास्त ५०.५ मिलिमीटर, जगभर एकच. पण लाकडी डबीशेजारी सेल ठेवला की डबी बॅटरीवर चालते की काय असं वाटायला लागतं. हे मी गमतीने म्हणत नाही. शेजारच्या वस्तूचं विक्रीच्या वस्तूशी नातं लागू नये, हीही एक अट आहे. कात्री, किल्ली, अंगठी यांतलं काहीही डबीजवळ ठेवलं की कुणीतरी विचारतं, हेही सोबत येणार का.

शेवटी उरलं बँकेच्या कार्डाच्या मापाचं कार्ड. ते आयएसओ ७८१० या मानकाच्या ‘आयडी-१’ मापाचं असतं: ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६. कुठल्याही देशातलं घ्या, हेच. ते प्रत्येकाच्या पाकिटात असतं, त्यामुळे पाहणारा हवं तर स्वतःचं काढून समोर धरू शकतो. आणि त्याचा एक गुण असा आहे जो बाकी कशातच नाही, त्याकडे मी पुढे येते. खरं बँकेचं कार्ड मात्र फोटोत ठेवायचं नाही, उलटं ठेवूनही नाही, कारण हल्ली नंबर पाठीवरही असतात. आम्ही त्याच मापाचं एक कोरं प्लास्टिक कार्ड घेतलं. करड्या रंगाचं, म्हणजे लाकडाचा रंग बिघडत नाही आणि डोळा त्याच्याकडे आधी जात नाही.

हाताबद्दल मैत्रीण आग्रही होती. हातात धरलेल्या डबीचा फोटो लोकांना आवडतो हे खरंच आहे, आणि वस्तू किती भरीव आहे हे हात जितकं सांगतो तितकं कार्ड सांगत नाही. पण हाताचा आकार माणसागणिक बदलतो. शिवाय तळहातावर डबी ठेवून कॅमेऱ्यापुढे धरली की डबी पुढे आणि हात मागे जातो, पुन्हा तोच घोटाळा. बोटं डबीच्या कडेवरून पुढे आलेली दिसली पाहिजेत, म्हणजे निदान बोटांची टोकं आणि पुढची बाजू एका अंतरावर येतात. असा एक फोटो ठेवला, शेवटून दुसरा. तो मापासाठी नाही, अंदाजासाठी.

कोन

मापाचे फोटो दोनच लागतात, पण ते काटेकोर लागतात.

पहिला समोरून. डबीची पुढची बाजू लेन्सला समांतर, अंतर १ मीटर, कॅमेरा डबीच्या उंचीच्या मध्यावर. डबी पाचच सेंटिमीटर उंच, म्हणून लेन्स टेबलापासून अडीच सेंटिमीटरवर आली पाहिजे, आणि फोनची लेन्स वरच्या टोकाला असते. फोन उलटा धरला की ती खाली येते, एवढं सोपं आहे. कार्ड उभं करायला त्याच्या मागे एक बाइंडर क्लिप लावली आणि त्याची कड डबीच्या पुढच्या बाजूशी एका रेषेत आणली. पट्टी दोघांना एकदम टेकवून पाहायची. पट्टी डगमगली तर एक जण मागे आहे. कार्ड डबीच्या अगदी जवळ ठेवायचं आणि दोन्ही चौकटीच्या मधोमध, कारण चौकटीच्या कडेला गेलेल्या, खोली असलेल्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात.

दुसरा वरून. यात आम्ही एकदा चुकलो. फोन टेबलापासून ६० सेंटिमीटर वर अडकवला, डबीशेजारी टेबलावर कार्ड ठेवलं, सगळं सरळ, सगळं नीट. मोजलं तर डबी १३ सेंटिमीटरच्या वर भरली. कारण लक्षात यायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला: डबीचं झाकण टेबलापासून ५ सेंटिमीटर वर होतं. झाकण लेन्सपासून ५५ सेंटिमीटरवर आणि कार्ड ६०वर. डबी नऊ टक्के फुगली. उपाय म्हणून कार्ड दुसऱ्या तशाच डबीवर ठेवता येतं. आम्ही ते सरळ झाकणावरच ठेवलं, मधोमध. लांबीच्या दोन्ही टोकांना १.७ सेंटिमीटर आणि रुंदीच्या दोन्ही बाजूंना १.३ सेंटिमीटर लाकूड उरतं. कार्डापेक्षा डबी केवढी मोठी, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. लाकडाची नक्षी झाकली जाते, ती मुख्य फोटोत दिसतेच.

आता कार्डाचा तो गुण. कार्ड थोडं जरी वळलं तरी ते अरुंद दिसतं, आणि मग त्याच्या हिशेबाने डबी मोठी ठरते. २० अंश वळलेलं कार्ड ८५.६ऐवजी साधारण ८०.४ मिलिमीटरचं दिसतं, डबीत सहा टक्क्यांची भर पडते, आणि डोळ्याला २० अंश कळतही नाहीत. पण कार्डाची लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर ठरलेलं आहे, १.५८६. फोटोतल्या कार्डाचे पिक्सेल मोजून भागाकार करायचा. १.५८ किंवा १.५९ आला तर कार्ड सरळ आहे, १.५ आला तर ते बाजूला वळलंय, १.६५ आला तर मागे झुकलंय. मोजपट्टीच स्वतःची तपासणी करून देते. गुन्ह्याच्या तपासात जखमांचे फोटो काढताना एबीएफओ क्र. २ नावाची इंग्रजी एल आकाराची पट्टी ठेवतात, तिच्यावर वर्तुळं छापलेली असतात ती याच कामासाठी: वर्तुळ लंबगोल दिसलं तर कॅमेरा तिरका आहे.

आमच्या समोरच्या फोटोत कार्ड ६४२ पिक्सेल रुंद आलं, म्हणजे एका मिलिमीटरला साडेसात पिक्सेल. डबी ९०४ पिक्सेल. भागाकार १२०.५ मिलिमीटर. लिहिलेलं माप १२०. दोन-तीन टक्क्यांच्या आत असलं की मी थांबते. हाताने कापलेल्या लाकडात तेवढा फरक दोन डब्यांत असतोच.

मुख्य फोटोचा प्रश्न वेगळा निघाला. त्यात आम्ही कुठलीच वस्तू ठेवायची नाही असं ठरवलं, कारण विक्रीच्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या फोटोत इतर वस्तू चालत नाहीत, आणि अंगठ्याएवढ्या चित्रात कार्ड ओळखूही येत नाही. मग कोनानेच आकार सांगायचा. जुना फोटो टेबलाच्या पातळीवरून काढलेला होता. टेबलावरची छोटी वस्तू आपण नेहमी वरून पाहतो, तिचं झाकण दिसतं. खालून पाहतो ते कपाट, इमारत. डबी खालून दाखवली की ती आपोआप थोराड होते. वर समोरचा मापाचा फोटो मी याच पातळीवरून काढायला सांगितला, पण तिथे शेजारी कार्ड आहे, इथे नाही. मुख्य फोटो आम्ही १ मीटर अंतरावरून साधारण ३० अंश वरून घेतला, म्हणजे लेन्स डबीपेक्षा अर्धा मीटर उंच. झाकण पूर्ण दिसतं आणि ‘ही टेबलावरची वस्तू आहे’ हे मान्य होतं.

तरीही या फोटोत ती मला किंचित मोठीच वाटत होती. बराच वेळ पाहिल्यावर कडीकडे लक्ष गेलं. पितळी कडी १८ मिलिमीटरची आहे, पण तिचा घाट हुबेहूब मोठ्या पेटीच्या कडीसारखा. पाहणाऱ्याच्या डोक्यात कडीचं एक माप आधीच बसलेलं असतं, आणि त्या मापाने तो डबी मोजतो. म्हणजे शेजारून चष्मा काढला तरी डबीवर एक खोटी मोजपट्टी कायमची ठोकलेली आहे. कडी काही बदलता येत नव्हती. तिसऱ्या फोटोत झाकण उघडून कडीवर बोट ठेवलं, नखाएवढी कडी दिसली की बाकी आपोआप जमतं.

मजकुरातही बदल केले. आधी नुसतं ‘१२ × ८ × ५’ होतं. आता ‘बाहेरून: रुंदी १२, खोली ८, उंची ५ सेंमी. आतून: १०.८ × ६.८ × ४ सेंमी’ असं आहे, आणि खाली ‘मोठ्यांचा चष्मा मावत नाही’. फळी ६ मिलिमीटर जाड, त्यामुळे रुंदी-खोलीत प्रत्येकी १.२ सेंटिमीटर आत कमी होतात, आणि विकत घेणाऱ्याला आतलंच माप हवं असतं. कुठली बाजू ‘रुंदी’ हे फोटोवर बाण काढून दाखवावं असं मैत्रिणीला वाटलं आणि तिने डबी तिरकी ठेवून बाण काढले. डबी ६० अंश वळवली होती. त्या कोनात १२ची बाजू सहाएवढी दिसते आणि ८ची जवळजवळ सातएवढी. म्हणजे फोटोत लांब दिसणाऱ्या कडेवर ‘८’ आणि आखूड कडेवर ‘१२’. दुसऱ्याच दिवशी एकीने विचारलं, मापं उलटी लिहिलीत का. बाण आता फक्त समोरच्या आणि वरच्या फोटोत आहेत.

नवे फोटो चढवण्याआधी एक साधी परीक्षा घेतली. डबी कधीच न पाहिलेल्या तिघांना जुना फोटो दाखवला, मजकुराशिवाय, आणि म्हटलं, केवढी आहे ते दोन हातांनी दाखवा. हातांमधलं अंतर टेपने मोजलं: १७, २०, १८. मग दुसऱ्या तिघांना नवे फोटो दाखवले. ११, १३, १२. तेच लोक दोन्ही वेळा घेऊन चालत नाही, त्यांना उत्तर कळलेलं असतं.

पुढच्या दोन महिन्यांत आकारामुळे एक डबी परत आली. विक्रीही थोडी घटली, हे लपवण्यात अर्थ नाही; चष्म्यासाठी घेणारे आता घेत नाहीत. त्यांच्यासाठी मैत्रिणीने १८ × ८ × ६ची डबी काढली आहे. तिच्या फोटोत चष्मा डबीच्या आतच ठेवला, झाकण उघडं, वरून. या वेळी कार्ड कुठे ठेवायचं यावर आमचा वाद झाला, कारण डबीच्या तळाशी ठेवलं तर ते कडेपेक्षा खाली जातं. ते कडेवर आडवं टेकवलं.

जुना फोटो मात्र अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तो पाठवून विचारलं, ‘पुस्तकावर चष्मा आहे ती मोठी डबी अजून मिळते का?’